दोनशे तीस व्होल्ट

इलेक्ट्रिशियनच्या प्रात्यक्षिक परीक्षेची तपासयादी मी तयार केली, तेव्हा माझ्यासमोर वायरिंगचं एक जाडजूड इंग्रजी मॅन्युअल होतं आणि हातात पेन्सिल. शिरूरच्या आमच्या प्रशिक्षण संस्थेत आधी परीक्षा म्हणजे बोर्ड जोडायचा, दिवा लागला की पास. दिवा कसा लागला, हे कुणी बघत नसे. मॅन्युअलमधल्या प्रत्येक कामाच्या मी पायऱ्या पाडल्या, एका पायरीची एक ओळ केली, ओळीपुढे बरोबर-चूक अशा दोन चौकटी. बेचाळीस ओळी झाल्या. वायर टर्मिनलमध्ये घातल्यावर तांबं बाहेर दिसत नाही. स्क्रू आवळल्यावर वायर ओढून बघितली. सॉकेटला समोरून बघताना फेज उजव्या हाताला आहे. असं सगळं. बेचाळीसपैकी सहा ओळींपुढे चांदणी होती. चांदणीची एक जरी चुकली तर बाकीच्या एकेचाळीस बरोबर असल्या तरी नापास.

सात, आठ आणि नऊ या तिन्ही ओळींना चांदणी होती. सात: मीटर आधी चालू सप्लायवर तपासून रीडिंग सांगितलं. आठ: ज्यावर काम करायचं ते सर्किट बंद असल्याचं त्याच मीटरने तपासलं. नऊ: मीटर पुन्हा चालू सप्लायवर तपासून रीडिंग सांगितलं. शून्य दाखवणारं मीटर खरं बोलतंय की बिघडलंय, हे कळायला दुसरा मार्ग नाही. म्हणून आधी एकदा, नंतर एकदा. पोरांना हा वेळेचा अपव्यय वाटतो.

या ओळींना चांदणी का, हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. माझा एक जुना विद्यार्थी यवतजवळच्या एका ढाब्याचा बोर्ड दुरुस्त करायला शिडीवर चढला होता. खिशातला टेस्टर लावला, टेस्टर पेटला नाही, त्याने वायर धरली. टेस्टरमधला दिवा कधीचा गेलेला होता. जुन्या पद्धतीच्या परीक्षेत मी त्याला ऐंशी गुण दिले होते. दहाव्याला गेले तर त्याच्या वडिलांनी मला चहा दिला आणि पोरगं तुमचं नाव फार घ्यायचं, असं सांगितलं. त्यानंतर मी पेन्सिल हातात घेतली.

तर ही यादी माझी. ती शिकवायचं कामही माझंच.

रांजणगावच्या एका कारखान्याचे अप्रेंटिस आमच्याकडे आठवड्यातून एक दिवस येत. गुरुवारी, कारण तिकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. आणि गुरुवारीच दुरुस्तीसाठी आमच्या भागाची लाइट जाते. सकाळी नऊला गेली की चार-पाचपर्यंत येत नाही. दर गुरुवारी नाही, पण बहुतेक. पत्र्याखालच्या वर्कशॉपमध्ये आठ अप्रेंटिस, आठ बोर्ड आणि एकाही सॉकेटला सप्लाय नाही. जनरेटरचा अर्ज मी दोनदा केला होता. मग आम्ही करायचो ते असं. मीटरच्या पिना मेलेल्या सॉकेटमध्ये घालायच्या आणि मोठ्याने म्हणायचं, "दोनशे तीस." मग कामाच्या सर्किटला लावायच्या, म्हणायचं, "शून्य." पुन्हा सॉकेट, पुन्हा "दोनशे तीस." हाताला सवय लागली पाहिजे, असं माझं म्हणणं होतं. कुणी विसरलं की मीच ओरडायचे, "म्हण, दोनशे तीस म्हण."

दुसरी एक गोष्ट मी केली होती. आमच्याकडचं मीटर एकच. पोरं नॉब भलत्याच जागी ठेवून पिना लावतील आणि मीटर जाळतील, म्हणून मी नॉब एसी व्होल्टवर आणून त्यावर काळी टेप गुंडाळली होती. अर्थिंग आणि इन्सुलेशन तपासायचं यंत्र, मेगर, वेगळं होतं, त्यामुळे अडत नव्हतं. वर्षभर ती टेप निघाली नाही.

त्या आठांत एक बाई होती. सव्वीस वर्षांची, कवठे येमाईची, दोन पिढ्यांपूर्वी मेंढरं सोडून शेतीला लागलेल्या घरातली. नवरा सोडून गेला होता आणि तिने त्याचा विषय एका वाक्यात संपवला होता. चार वर्षांची मुलगी आईकडे कवठ्याला, ही रांजणगावला आणखी एकीबरोबर भागीत एका खोलीत. बाकीची पोरं तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, तिला ताई म्हणायची आणि स्क्रूड्रायव्हर हरवला की तिच्याच पेटीतून उचलायची. तिचा हात मी तीस वर्षांत पाहिलेल्या हातांत पहिल्या तीनांत बसेल. वायर सोलताना तांब्याला ओरखडा येत नसे.

कारखाना त्या तुकडीतले दोन जण मेंटेनन्सला कायम करणार होता. अट एकच, तपासयादीची परीक्षा पहिल्याच वेळी पास. नावं सोमवारपर्यंत द्यायची होती. लेखी परीक्षेत ती पहिली होती, म्हणजे ही परीक्षा पास झाली की दोनपैकी एक जागा तिची. तिने शिरूरला खोली बघून ठेवली होती. जूनमध्ये मुलीला इथल्या शाळेत घालायचं, सकाळी शाळेत सोडायचं आणि स्टँडवरून कंपनीची बस धरायची, असा सगळा हिशेब ठरला होता. मला तिने तो एकदाच सांगितला, बोर्ड पुसता पुसता.

परीक्षेचं केंद्र दौंडला होतं. तिथे नवे बोर्ड, जनरेटर, सगळं होतं. शनिवारी सकाळी आम्ही जीपने न्हावऱ्यामार्गे निघालो. पोरं मागे बसून एकमेकांना ओळी विचारत होती. एकाने तिला डिवचलं, "ताई, आज खरी लाइट हाय बरं का. भ्या वाटलं तर सांगा, मी मेन पाडतो."

ती म्हणाली, "तू तुझी पँट सांभाळ. मागच्या बारीला मेगर लावला तवा कोण उडालं व्हतं?"

सगळे हसले. मीही हसले. खरी लाइट हा शब्द मी ऐकला आणि भीमेचा पूल येईपर्यंत विसरूनही गेले.

परीक्षेला दोन परीक्षक असतात. एक बाहेरचे, एक संस्थेचा. बाहेरचे म्हणजे एका कारखान्यातून मेंटेनन्सचे प्रमुख म्हणून निवृत्त झालेले साहेब, साठी ओलांडलेले, चष्मा कपाळावर. संस्थेची मी. दोघांनी आपापली यादी स्वतंत्र भरायची. चांदणीच्या ओळीवर दोघांपैकी एकाने जरी चूक मांडली तरी ती चूक धरायची, हा नियमही मीच लिहिलेला. काम असं होतं: चालू बोर्डावरचं एक खराब सॉकेट काढून नवं बसवायचं. वेळ चाळीस मिनिटं. प्रत्येक उमेदवाराच्या आधी केंद्राचा माणूस मीटर बंद करून टेबलावर ठेवी. योग्य रेंज निवडणं उमेदवाराचं काम.

पहिले तिघे झाले. खरं सांगायचं तर त्या तिघांच्या वेळी मीही साहेबांसारखीच यादीत डोकं घालून बसले होते. ऐकायचं आणि खूण करायची. दोनशे तीस, बरोबर. शून्य, बरोबर. दोनशे तीस, बरोबर.

चौथी ती. तिच्या वेळी मी मान वर ठेवली, कारण तिचं काम बघायला मला आवडायचं.

तिने योग्य एमसीबीचा खटका पाडला, त्याला कुलूप लावलं, पाटी अडकवली, किल्ली खिशात ठेवली. मीटर उचललं, नॉब बंदवरून एक घर फिरवला. तिथल्या मीटरवर पहिलं घर डीसीचं होतं, आणि डीसीवर ठेवलेलं मीटर एसी सप्लायला शून्यच दाखवतं. आमच्या मीटरवर नॉब फिरवायची वेळच कधी आलेली नव्हती. शेजारच्या चालू सॉकेटमध्ये पिना घातल्या. तिची नजर पुढच्या सर्किटवर गेलेली होती. डिस्प्ले माझ्याकडे होता. त्यावर शून्य होतं.

ती स्पष्ट आवाजात म्हणाली, "दोनशे तीस."

साहेबांनी खूण केली.

मग तिने कामाच्या सर्किटला पिना लावल्या. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. "शून्य, शून्य, शून्य." पुन्हा चालू सॉकेट. पुन्हा डिस्प्लेवर शून्य. "दोनशे तीस."

तिला थांबवायचं की नाही, हे ठरवायला मला क्षणही लागला नाही. बोर्डाच्या मागच्या बाजूला परीक्षकांनाच दिसेल असा एक लाल दिवा होता, तो विझलेला होता. सर्किट खरोखर बंद होतं. धोका नसेल तर मध्ये बोलायचं नाही आणि काम पूर्ण करू द्यायचं, असं नियमात होतं. मी पेन सातव्या ओळीवर ठेवला आणि चूक मांडली. नवव्या ओळीवर मांडली. आठव्यावरही मांडली, कारण आंधळ्या मीटरने केलेली तपासणी तपासणी नसते.

पुढची तीस मिनिटं मी बसून पाहिली. त्या तीस मिनिटांबद्दल मला फार लिहायचं नाही. जुनं सॉकेट काढलं, वायरींची टोकं कापून नव्याने सोलली, अर्थची वायर जरा जास्त लांब ठेवली, म्हणजे ओढ बसली तर ती शेवटी सुटेल. ते मी यादीत लिहिलेलं नाही, ती आपणहून करायची. स्क्रू आवळले, एकेक वायर ओढून बघितली. दुसऱ्या यंत्राने अर्थिंग आणि इन्सुलेशन तपासलं, आकडे वाचून सांगितले, बरोबर होते. कुलूप काढलं, एमसीबी वर केला.

अडतिसावी ओळ होती, नव्या सॉकेटवर व्होल्टेज मोजून सांगितलं. तिने टेबलावर तसंच पडलेलं मीटर उचललं, पिना घातल्या आणि या वेळी खाली बघितलं. स्वतः जोडलेल्या सॉकेटचा आकडा तिला बघायचा होता. पिना काढून पुन्हा घातल्या. मग तिचं लक्ष नॉबकडे गेलं. तिने नॉब हळूच फिरवून एसीवर आणला.

"दोनशे सतरा," ती म्हणाली.

मग तिने माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलेलं होतं. उरलेल्या चार ओळी तिने न चुकता केल्या, हत्यारं पुसून जागेवर ठेवली आणि बाहेर गेली.

साहेबांनी बेरीज केली. "बेचाळीसपैकी बेचाळीस. सकाळपासनं पहिलीच," असं म्हणून त्यांनी माझ्या कागदाकडे हात केला. तीन चुका बघून चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

मी त्यांना डिस्प्लेवर काय होतं ते सांगितलं. त्यांनी सातवी ओळ मोठ्याने वाचली. "मीटर आधी चालू सप्लायवर तपासून रीडिंग सांगितलं. सांगितलं की तिनं. मी माझ्या कानांनी ऐकलं. तुम्ही 'बघितलं' असं कुठं लिहिलंय, मॅडम?"

"नाही लिहिलं," मी म्हणाले.

"सर्किट बंद होतं?"

"होतं."

"कुलूप तिचंच होतं, किल्ली तिच्याच खिशात. मग कुणाला काय झालं असतं?" ते चांगले गृहस्थ होते, मुद्दाम आवाज खाली आणून बोलत होते. "मी काही बघितलेलं नाही. तुमचीच विद्यार्थिनी आहे. कागद दुसरा घ्या."

कोऱ्या याद्यांचा गठ्ठा माझ्या कोपराशी होता. दुसरा कागद घ्यायला काहीच लागलं नसतं. मला ढाब्याची शिडी आठवली का, असं कुणी विचारलं तर तसंही नाही. मला आठवली ती माझी काळी टेप. मी म्हणाले, "साहेब, ती मीटर बघत नव्हती. तिला बघायला मी शिकवलेलंच नाही."

"मग तर चूक तुमची."

"हो. पण बोर्डासमोर उद्या ती असणार."

त्यांनी सही केली. मग मी म्हणाले की आधीच्या तिघांचंही पुन्हा घ्यायला हवं, त्यांच्या वेळी मी डिस्प्ले बघितला नव्हता. त्यावर मात्र ते ठाम होते. कागदांवर दोघांच्या सह्या झालेल्या, उमेदवार चहाला गेलेले. न बघितलेली चूक मांडता येत नाही. नियमाने त्यांचं बरोबर होतं. मी वाद घातला नाही. घालायला हवा होता, असं मला आज वाटतं.

पाचवा आला तो जीपमध्ये चेष्टा करणारा. त्याने पिना घातल्या, तोंड उघडलं, खाली बघितलं आणि थांबला. नॉब फिरवला. "दोनशे अठरा," तो म्हणाला. म्हणजे माझ्या हाताखाली शिकूनही बघता येत होतं. तेवढीही सबब मला उरली नाही.

निकाल संध्याकाळी सांगितले. ती व्हरांड्याच्या कठड्याशी उभी होती. मी सरळ तिच्याकडे गेले, कारण असल्या गोष्टी लांबवून सोप्या होत नाहीत. सात, आठ, नऊ चुकल्या म्हणून सांगितलं.

"दिसलं व्हतं मला, शेवटी," ती म्हणाली. मग म्हणाली, "मॅडम, गुरुवारी तुमीच म्हणायच्या. म्हण, दोनशे तीस म्हण."

"हो. मीच म्हणायचे."

"मंग?"

मी म्हणाले, पुढची परीक्षा सहा महिन्यांनी आहे, फी मी भरते. ती म्हणाली, फीचं काय न्हाई. परत येताना न्हावऱ्याला पोरांनी वडापाव घेतले. एकाने तिच्यापुढे धरला तर तिने तो घेतला आणि खाल्ला.

सोमवारी मी रांजणगावला जाऊन त्या कारखान्याच्या अधिकाऱ्यांना भेटले. आमच्या वर्कशॉपला गुरुवारी सप्लाय नसतो, मीटरचा नॉब मी बांधून ठेवला होता, चूक प्रशिक्षणाची आहे, असं लेखी दिलं. त्यांनी ते वाचून फाइलला लावलं. मग त्यांनी विचारलं ते योग्यच होतं. "मॅडम, तुमचं म्हणणं काय आहे? ती पास आहे की नाही?"

मी म्हणाले, नाही.

दोन जागांपैकी एक त्या पाचव्या पोराला मिळाली. दुसरी पहिल्या तिघांपैकी एकाला, ज्याचा डिस्प्ले मी बघितला नव्हता. तो अजून तिथेच आहे. रस्त्यात भेटला की नमस्कार करतो आणि मी त्याच्या हातांकडे बघते.

टेप मी त्याच आठवड्यात काढली. तिचा चिकटा नॉबवर राहिला होता, तो घासलेट लावून काढावा लागला. जनरेटर आला नाही. मी एका जुन्या बॅटरीवर छोटा इन्व्हर्टर बसवून घेतला, त्यावर एक सॉकेट चालतं. तेवढं पुरतं. यादीतली सातवी आणि नववी ओळ बदलली. आता तिथे 'सांगितलं' हा शब्द नाही. एक रिकामी चौकट आहे, तिच्यात परीक्षकाने स्वतः डिस्प्ले बघून आकडा लिहायचा. चौकट रिकामी राहिली तर दोघांनाही सही करता येत नाही.

सहा महिन्यांनी परीक्षेच्या आधी मी तिला फोन केला. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला, मागे यंत्रांचा आवाज होता. त्याच कारखान्यात ती ठेकेदाराकडून पॅकिंगला लागली होती. मी तारीख सांगितली. आता सॉकेटला लाइट असते, हेही सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे.

ती म्हणाली, "शनिवारी सुट्टी घेतली की खाडा धरत्यात, मॅडम. आन् आता जागा कुठं हायत?"

मी मुलीचं विचारलं.

"आईकडंच घातली शाळंत. कवठ्याला." मग ती म्हणाली, सुपरवायझर बघतोय, ठेवते.

परीक्षा झाली. दौंडलाच, तेच साहेब. सात उमेदवार, चौदा चौकटी. मी प्रत्येक वेळी उठून मीटरपाशी गेले आणि आकडा बघून लिहिला. दोनशे बावीस, दोनशे एकोणीस, दोनशे वीस. दुपारी एकाच्या वेळी सप्लाय खाली आला होता तर दोनशे अकरा. दोनशे तीस एकदाही आला नाही. आठवा कागद मी तिचं नाव घालून नेला होता. तो कोरा परत आणला.